लोडिंगची पट्टी अडते तेव्हा गेम काय करत असतो?

गेम सुरू केला, बनवणाऱ्या कंपनीचं बोधचिन्ह येऊन गेलं, मग लोडिंगची पट्टी सरकू लागली आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास येऊन जी थांबली ती थांबलीच. पाच मिनिटं गेली, दहा गेली. अशा वेळी बहुतेक जण गेम बंद करून पुन्हा सुरू करतात. तरी जमलं नाही तर तो काढून टाकतात आणि साठ-सत्तर जीबीचा डाउनलोड रात्रभर लावून ठेवतात. सकाळी पट्टी पुन्हा त्याच जागी अडते, कारण गेमच्या फाइलींमध्ये बहुतेक वेळा काही बिघडलेलंच नसतं. गेम कशाची तरी वाट बघत असतो. ती वाट प्रोसेसरची असते, डिस्कची असते, किंवा मागे गुपचूप चाललेल्या दुसऱ्या कामांमुळे या दोघांपैकी कुणाला तरी सवड नसते. नेमकं काय चाललंय ते विंडोजचा टास्क मॅनेजर दाखवतो. तो बघायला दोन मिनिटं लागतात, आणि एवढ्यात पुढची सगळी वणवण वाचते.

त्याआधी पडद्यावर दिसणाऱ्या दोन गोष्टींवरचा विश्वास कमी करायला हवा. पहिली म्हणजे ती टक्केवारी. पट्टी वेळ मोजत नाही, कामांची संख्या मोजते. समजा, लोडिंगची दहा कामं आहेत. त्यातली नऊ हलकी असली आणि दहावं काम सगळ्यांत जड असलं, तर पट्टी झरझर नव्वदवर जाईल आणि खरं काम तिथून पुढे सुरू होईल. दुसरी गोष्ट म्हणजे खिडकीच्या कपाळावर उमटणारे "Not Responding" हे शब्द. एखाद्या प्रोग्रामने पाच सेकंद विंडोजच्या हाकेला ओ दिली नाही की विंडोज हा शिक्का मारतं. प्रोग्राम मेला की कामात गढलाय, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. लोडिंगमध्ये मान खाली घालून काम करणारा गेम पाच सेकंद सहज गप्प राहतो, आणि त्या क्षणी आपण "End task" दाबून त्याचं अर्धं झालेलं काम वाया घालवतो.

पहिलं काम : शेडर तयार करणं

गेममधल्या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका कुठल्या रंगाचा दिसणार, हे ग्राफिक्स कार्डवर चालणारे छोटे प्रोग्राम ठरवतात. ओल्या रस्त्याची चकाकी, लोखंडावरचा गंज, धुरातून झिरपणारा उजेड या सगळ्यामागे असा एकेक प्रोग्राम असतो. त्यालाच शेडर म्हणतात. आजच्या मोठ्या गेममध्ये शेडरची वेगवेगळी रूपं हजारोंनी असतात.

अडचण अशी की गेम बनवणाऱ्याला तुमच्या घरी कुठलं ग्राफिक्स कार्ड आहे ते ठाऊक नसतं. प्रत्येक कंपनीच्या, आणि एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या पिढ्यांच्या कार्डांना समजणारे आदेश वेगळे असतात. म्हणून गेमसोबत शेडर अर्धवट तयार अवस्थेत येतात. तुमच्या कार्डाच्या आदेशांत त्यांचं रूपांतर करण्याचं काम तुमच्याच संगणकावर, कार्डाचा ड्रायव्हर करतो. गेमिंग कन्सोलवर हे सोपं आहे. एका मॉडेलच्या सगळ्या कन्सोलमध्ये चिप एकच, त्यामुळे शेडर कारखान्यातूनच पूर्ण तयार होऊन येतात. पीसीचं मात्र शिंप्याकडच्या कपड्यासारखं आहे. कापड दुकानातून आणता येतं, पण माप तुमचं घेतल्याशिवाय शिलाई सुरू होत नाही.

पूर्वी हे काम लपून चालायचं. डायरेक्टएक्स ११ च्या काळात ड्रायव्हर बरीचशी जुळवाजुळव स्वतःच पडद्याआड करत असे. २०१५ मध्ये डायरेक्टएक्स १२ आलं, २०१६ मध्ये वल्कन आलं, आणि शेडर कधी तयार करायचे याची जबाबदारी गेमच्या अंगावर आली. त्यात गेमपुढे दोन रस्ते होते. एक म्हणजे खेळताना लागेल तसा शेडर तयार करायचा. यात लोडिंग पटकन होतं, पण नवा शत्रू समोर आला, पहिला स्फोट झाला, की चित्र क्षणभर गोठतं. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या 'द कॅलिस्टो प्रोटोकॉल'च्या पीसी आवृत्तीवर सुरुवातीलाच याच कारणाने टीकेची झोड उठली होती. दुसरा रस्ता म्हणजे सगळे शेडर खेळ सुरू होण्याआधीच तयार करून ठेवायचे. मार्च २०२३ मध्ये पीसीवर आलेल्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन'ने हा मार्ग धरला. मग तक्रारी उलट्या दिशेने आल्या. साध्या संगणकांवर कित्येकांना शेडर तयार होईपर्यंत अर्धा तास, कुणाला तासाहूनही जास्त थांबावं लागलं. त्यात आणखी एक पेच होता. गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तरच स्टीमवर पैसे परत मिळण्याची सोय आहे, आणि ही थांबण्याची वेळही त्या दोन तासांतच मोजली जात होती.

असं लोडिंग ओळखायचं कसं? Ctrl, Shift आणि Esc ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात CPU चा आकडा ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या वर असेल, Disk चा आकडा अगदी कमी असेल आणि लॅपटॉपचा पंखा घोंघावत असेल, तर शेडरच तयार होत आहेत असं समजायला हरकत नाही. इथे महागडं ग्राफिक्स कार्ड उपयोगी पडत नाही. रूपांतराचं काम प्रोसेसर करतो, कार्ड तेवढा वेळ जवळजवळ रिकामं बसलेलं असतं. सोळा धाग्यांचा नवा प्रोसेसर जे काम चार-पाच मिनिटांत उरकेल, त्यालाच चार धाग्यांच्या जुन्या प्रोसेसरला अर्धा तास सहज लागेल. लॅपटॉप बॅटरीवर चालत असेल तर प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो, आणि गादीवर ठेवला असेल तर तो तापून आपणहून वेग उतरवतो. चार्जर लावा, लॅपटॉप टेबलावर ठेवा आणि थांबा. या प्रकारच्या लोडिंगवर याहून चांगला उपाय नाही.

तयार झालेले शेडर डिस्कवर एका साठ्यात जपून ठेवले जातात, म्हणून दुसऱ्या वेळी हेच लोडिंग थोडक्यात आटोपतं. मात्र ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बदलला की जुना साठा बाद होतो, कारण रूपांतर करणाराच बदललेला असतो. गेमचं मोठं अपडेट आलं तरी बरेचसे शेडर नव्याने करावे लागतात. इथेच लोक स्वतःच्या हाताने अडचण वाढवतात. गेम अडला म्हणून कुणीतरी सल्ला देतं, ड्रायव्हर नवा टाक. दुसरा सांगतो, शेडरचा साठा पुसून टाक. दोन्ही उपायांनी आधीचं सगळं तयार काम जातं आणि गेम पहिल्यापासून सुरुवात करतो. तुमचा गेम प्रत्येक वेळी शेडर तयार करत बसत असेल तर दोन गोष्टी तपासा. C ड्राइव्ह गच्च भरलेला असेल तर साठा ठेवायला जागाच नसते. आणि संगणक "साफ" करणारा एखादा प्रोग्राम, किंवा विंडोजचंच Disk Cleanup, "DirectX Shader Cache" या नावाखाली तो साठा कचरा समजून काढून टाकत असेल, तर त्या नावापुढची खूण काढा. साठा स्वतःहून पुसण्याची वेळ एकाच प्रसंगी येते: ड्रायव्हर बदलल्यानंतर गेम ठरावीक जागी कोसळू लागला आणि साठा बिघडल्याची शंका आली तर.

शेडरच्या पायरीवर गेम नुसता थांबत नसेल, बंदच पडत असेल, तर एका गोष्टीची माहिती हवी. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या, विशेषतः i9 मालिकेतल्या डेस्कटॉप प्रोसेसरवर नेमक्या याच वेळी गेम कोसळायचे आणि पडद्यावर ग्राफिक्सची मेमरी अपुरी असल्याचा संदेश यायचा. मेमरी भरपूर असायची. शेडर उलगडताना प्रोसेसरवर सगळ्यांत कडक ताण पडतो, आणि जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर झालेले हे प्रोसेसर तिथे चुका करायचे. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये 0x129 या क्रमांकाचा मायक्रोकोड दिला. तो मदरबोर्डच्या बायोस अपडेटमधून मिळतो. तो पुढचं नुकसान रोखतो, आधी झिजलेला प्रोसेसर मात्र दुरुस्त करत नाही. म्हणून इंटेलने या प्रोसेसरची वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली.

दुसरं काम : डिस्कवरून वाचणं

टास्क मॅनेजरमध्ये याच्या नेमकं उलट चित्र दिसलं, म्हणजे CPU पंधरा-वीस टक्के आणि Disk शंभर टक्के, तर प्रोसेसर बिचारा माल येण्याची वाट बघत बसलाय. हे चित्र फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कवर हमखास दिसतं. जुन्या लॅपटॉपमधल्या अशा डिस्का बहुतेक मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या असतात.

इथे थोडं गणित करून बघण्यासारखं आहे. मिनिटाला ५,४०० म्हणजे सेकंदाला ९० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद जातात. त्याआधी ते टोक योग्य वर्तुळावर सरकवायला सुमारे १२ मिलिसेकंद लागतात. एकूण झाले सतरा-अठरा. म्हणजे तबकडीवर इथे-तिथे विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर ही डिस्क सेकंदाला पंचावन्न-साठपेक्षा जास्त तुकडे देऊ शकत नाही. प्रत्येक तुकडा ६४ केबीचा धरला तर वेग होतो सेकंदाला साडेतीन एमबी. हीच डिस्क सलग लिहिलेली एखादी मोठी फिल्म मात्र सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास वेगाने वाचते.

आता गेमचा एक टप्पा उघडायला दीड जीबी माहिती लागते असं समजा. ती सलग मांडलेली असेल तर पंधरा सेकंदांत येईल. पूर्ण विखुरलेली असेल तर सात मिनिटं लागतील. प्रत्यक्षात वेळ या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी पडतो, पण अपडेटवर अपडेट येत गेले आणि डिस्क भरत गेली की तो सात मिनिटांच्या बाजूला झुकतो. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. विखुरलेला तुकडा शोधायला तिला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो, त्यामुळे विखुरलेपणाचा तिला जवळजवळ फरक पडत नाही. खोक्यावर लिहिलेला "५५० एमबी प्रति सेकंद" हा आकडा लोडिंगच्या दृष्टीने दुय्यम आहे. खरी किमया या शोधण्याच्या वेळेत आहे. म्हणूनच तबकडीवरून साध्या साटा एसएसडीवर गेल्यावर जो फरक पडतो, तेवढा पुढे साटावरून महागड्या एनव्हीएमई एसएसडीवर गेल्यावर बहुतेक गेममध्ये पडत नाही.

डिस्क नुसती हळू आहे की आजारी आहे, हेही ओळखता यायला हवं. टास्क मॅनेजरच्या Performance पानावर डिस्क निवडली की "Active time" आणि "Average response time" असे दोन आकडे दिसतात. धडधाकट तबकडी डिस्कवर प्रतिसादाचा वेळ एरवी दहा-वीस मिलिसेकंद असतो, कामाच्या गर्दीत शंभरावर जातो. तो हजारांत जाऊन तिथेच राहत असेल आणि वाचण्याचा वेग मात्र शून्याला टेकलेला असेल, तर डिस्क एखाद्या खराब जागेवर पुन्हा पुन्हा डोकं आपटत असण्याची शक्यता मोठी आहे. विंडोजच्या Event Viewer मध्ये System या नोंदवहीत disk या नावाखाली ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी सापडल्या तर शंकेला जागा उरत नाही. ७ म्हणजे खराब जागा सापडली, १५३ म्हणजे एकदा न जमलेलं वाचन-लेखन पुन्हा करून बघावं लागलं. अशा वेळी गेमची चिंता सोडा आणि त्या डिस्कवरचे घरातले फोटो, कागदपत्रं आधी दुसरीकडे उतरवून घ्या.

तिसरा भाग : मागे चाललेली कामं

यातलं सगळं एकाच यंत्रावर बघायला मिळालं ते माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर. तो कोल्हापुरात इंजिनिअरिंगला आहे. लॅपटॉप वापरलेला घेतलेला, आठ जीबी रॅम, एक टीबीची तबकडी डिस्क, चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड. सुट्टीत आला तेव्हा म्हणाला, "मामा, जरा बघता का? गेम नव्वद टक्क्यांवर जाऊन अडतो. दोनदा काढून परत टाकला, ड्रायव्हरपण नवा टाकला."

"अडला म्हणजे किती वेळ बघितलंस?" मी विचारलं.

"वीस मिनिटं. मग बंदच केला."

आम्ही गेम सुरू केला, पट्टी अडू दिली आणि टास्क मॅनेजर उघडला. CPU १८ टक्के. डिस्क १०० टक्के, पण वाचण्याचा वेग सेकंदाला तीन एमबीच्याही खाली. प्रतिसादाचा वेळ चारशे मिलिसेकंदांच्या वर. मेमरी ९३ टक्के. Disk या शब्दावर क्लिक केल्यावर सगळ्यांत जास्त डिस्क वापरणारे वर आले, आणि त्यात गेम एकटा नव्हता. गेम विकणाऱ्या ॲपने दुसऱ्याच एका गेमचं अपडेट मागे सुरू केलं होतं. "Antimalware Service Executable", म्हणजे विंडोजचा स्वतःचा डिफेंडर, नव्याने टाकलेल्या गेमच्या फाइली तपासत होता. विंडोज अपडेट काहीतरी उतरवत होतं, कारण लॅपटॉप आठवडाभर बंद होता. शिवाय ब्राउझर पंचवीसेक टॅब घेऊन उघडाच होता.

तबकडी डिस्कवर चार जणांनी एकदम वाचन मागितलं तर प्रत्येकाला चौथा हिस्सा मिळतो असं नाही, त्याहून बरंच कमी मिळतं. वाचणारं टोक एकच असतं, आणि ते या चौघांच्या जागांमध्ये सतत इकडून तिकडे पळत राहतं. वर मांडलेल्या हिशेबातला बारा मिलिसेकंदांचा प्रवास मग प्रत्येक तुकड्याला होतो. सलग वाचता आलं असतं तेही तुकड्या-तुकड्याने वाचलं जातं.

रॅमचीही यात भर पडली होती. आठ जीबीतली साधारण तीन विंडोजकडे, दोनेक ब्राउझरकडे. गेमला सहा हवे होते. जे मावत नाही ते विंडोज डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये काढून ठेवतं आणि लागलं की परत आणतं. म्हणजे आधीच दमलेल्या त्याच डिस्कवर आणखी ये-जा. Resource Monitor मध्ये Memory च्या पानावर "Hard Faults/sec" हा आकडा असतो. तिथे गेमच्या नावापुढे सतत शेकड्यांत आकडे दिसत होते. रॅम कमी पडतेय याचा हा सरळ पुरावा.

आम्ही दुसऱ्या गेमचं अपडेट थांबवलं. ब्राउझर बंद केला. विंडोज अपडेटला मात्र मध्ये तोडलं नाही, ते पूर्ण होऊ दिलं, लॅपटॉप रीस्टार्ट केला आणि डिस्कचा आकडा खाली उतरेपर्यंत दहाएक मिनिटं काहीच केलं नाही. मग गेम सुरू केला. प्रतिसादाचा वेळ चाळीस मिलिसेकंदांच्या आसपास आला होता. पट्टी नव्वदवर थांबली, पण चारेक मिनिटांनी पुढे सरकली आणि खेळ उघडला. भाच्याने ज्याला अडणं म्हटलं होतं ते फक्त फार हळू चालणं होतं. आणि गेम काढून पुन्हा टाकण्याने डिफेंडरला प्रत्येक वेळी सगळ्या फाइली नव्याने तपासाव्या लागत होत्या.

पुढच्या महिन्यात त्याने तबकडी काढून साटा एसएसडी बसवून घेतली. तेव्हा जे घडलं ते जास्त शिकवणारं होतं. टप्पा उघडायचा वेळ अर्ध्या मिनिटाच्या आत आला, पण पहिल्यांदा गेम सुरू केल्यावर सुरुवातीच्या पडद्यावर तो दहा-बारा मिनिटं थांबलाच. भाच्याचा फोन आला, "मामा, एसएसडी घेऊनही तेच!" मी त्याला टास्क मॅनेजरचे आकडे वाचायला सांगितले. CPU शंभर टक्के, डिस्क दोन टक्के. विंडोज नव्याने टाकल्यामुळे शेडरचा जुना साठा गेला होता आणि गेम तो पुन्हा तयार करत होता. हे काम डिस्कचं नाही, म्हणून नवी डिस्क त्यात काही करू शकत नव्हती. "थांब, बंद करू नकोस," एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तोच पडदा काही सेकंदांत गेला.

डिफेंडरला गेमच्या फोल्डरमधून वगळावं का, हा प्रश्न इथे येतोच. अधिकृतपणे विकत घेतलेल्या गेमचा एकच फोल्डर वगळला तर तबकडी डिस्कवर थोडा फायदा होतो. पण वगळलेल्या फोल्डरमध्ये काहीही आलं तरी डिफेंडर तिकडे बघणार नाही. चोरीच्या गेमसोबत येणाऱ्या सूचनांमध्ये "आधी अँटिव्हायरस बंद करा" असं लिहिलेलं असतं. ते कधीही ऐकू नका. एसएसडी असेल तर या वगळण्याची मुळात गरजच पडत नाही.

चूक गेमचीच असते तेव्हा

एक चित्र उरतं, आणि ते फसवं आहे. CPU बारा-तेरा टक्के, डिस्क शून्य, इंटरनेट शून्य. बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठप्प आहे. पण प्रोसेसरला आठ धागे असतील तर त्यातला एक धागा पूर्ण ताणावर चालला की एकूण आकडा शंभरचा आठवा हिस्सा, म्हणजे साडेबाराच दिसतो. आकडा नेमका तिथे खिळून राहिला असेल तर गेम एकाच धाग्यावर काहीतरी दळतोय.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण 'जीटीए ऑनलाइन'चं. २०१३ मध्ये आलेल्या या गेमचं लोडिंग अनेकांकडे पाच-सहा मिनिटं चालायचं, आणि वर्षानुवर्षं लोक त्यासाठी आपल्याच संगणकाला दोष द्यायचे. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस t0st या टोपणनावाच्या एका प्रोग्रामरने टास्क मॅनेजर उघडून बघितलं. पहिल्या मिनिटानंतर चार मिनिटं त्याच्या प्रोसेसरचा एकच भाग पूर्ण भरून वाहत होता. डिस्क, नेटवर्क आणि ग्राफिक्स कार्ड हातावर हात ठेवून बसले होते. त्याने गेमच्या आत शिरून शोध घेतला. गेम दुकानातल्या सुमारे ६३ हजार वस्तूंची यादी असलेली १० एमबीची फाइल वाचत होता. वाचण्याची पद्धत अशी होती की प्रत्येक छोटा तुकडा उचलताना उरलेल्या संपूर्ण मजकुराची लांबी पुन्हा पहिल्यापासून मोजली जायची. त्यानंतर प्रत्येक वस्तू यादीत टाकण्याआधी ती आधीच आहे का, हे बघायला आतापर्यंतच्या सगळ्या वस्तूंशी ताडून पाहिली जायची. ६३ हजार वस्तूंसाठी अशा तुलना होतात जवळजवळ १९८ कोटी, आणि यादीत मुळात एकही वस्तू दोनदा नव्हती.

त्याने हे दोन भाग दुरुस्त केले, आणि त्याच्या संगणकावर सहा मिनिटांचं लोडिंग एक मिनिट पन्नास सेकंदांवर आलं. रॉकस्टार कंपनीने चूक मान्य केली, त्याला १० हजार डॉलर बक्षीस दिलं आणि मार्च २०२१ मध्ये दुरुस्ती सगळ्यांना पोचवली. असा दोष असेल तेव्हा नवी एसएसडी किंवा नवं कार्ड घेऊन काही साधत नाही. आपल्या हातात एवढंच असतं की अपडेटची वाट बघायची आणि टास्क मॅनेजरचे आकडे जोडून गेम बनवणाऱ्यांकडे नेमकी तक्रार करायची. "गेम अडतो" यापेक्षा "चार मिनिटं एकच धागा चालतो, डिस्क शून्य" ही तक्रार त्यांना कितीतरी जास्त उपयोगी पडते.

आणि CPU, डिस्क, इंटरनेट सगळेच आकडे शून्याला टेकून दहा-पंधरा मिनिटं हलले नाहीत, तर मात्र गेम खरोखर अडला आहे. टास्क मॅनेजरच्या Details पानावर गेमच्या नावावर उजवं बटण दाबून "Analyze wait chain" निवडलं तर तो दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामसाठी खोळंबलाय का, ते कळू शकतं. कधी कधी मागे लपलेली परवानगीची खिडकी उत्तराची वाट बघत असते, तेव्हा Alt आणि Tab दाबून तेवढं पाहून घ्या. ऑनलाइन गेम असेल तर सर्व्हर बंद आहे का ते तपासा. यातलं काहीच नसेल तर गेम बंद करा आणि आपल्या गेम विकणाऱ्या ॲपमधून फाइलींची तपासणी करून घ्या. स्टीमवर या सोयीचं नाव "Verify integrity of game files" असं आहे. ती फक्त बिघडलेल्या फाइली पुन्हा उतरवते, सगळा गेम नाही.

शेडरच्या वाट बघण्यावर उद्योगही उपाय शोधतो आहे. २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेकमध्ये सगळ्यांची चिप एकाच जातीची असल्यामुळे व्हॉल्व्ह तयार शेडर इंटरनेटवरून थेट पाठवते. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आरओजी एक्सबॉक्स ॲलाय या हातात धरायच्या यंत्रापासून विंडोजवरही अशीच सोय सुरू केली. पण पीसीच्या जगात कार्डांचे आणि ड्रायव्हरचे इतके प्रकार आहेत की प्रत्येक जोडीसाठी तयार माल पोचायला वेळ लागणार.

तोवर एवढं लक्षात ठेवा. CPU भरलेला असेल तर थांबा. डिस्क भरलेली असेल तर मागची कामं आवरा, आणि तबकडी असेल तर खर्चाचा पहिला रुपया एसएसडीवर घाला, ग्राफिक्स कार्डावर नको. एकच धागा चालत असेल तर दोष गेमचा आहे. सगळं शून्य असेल तरच गेम बंद करा. गेम काढून पुन्हा टाकणं हा या यादीतला शेवटचा उपाय आहे, आणि टास्क मॅनेजर न बघता तो कधीही करू नका.